गझल चित्रपटात गाताना रदीफ कंटाळवाणा का होतो? (मतला, शेर आणि मुखड्याकडे परतणं)

सुरंगी
नमस्कार मंडळी. आमच्या वेंगुर्ल्याकडची काही मुलं एक छोटा मराठी चित्रपट करताहेत. नवरा ट्रॉलरवर गेलेला, दोन दिवस वायरलेस लागत नाही, आणि संध्याकाळी घरातली कामं आवरता आवरता बायकोच्या मनात जे चाललंय त्यावर एक गाणं हवं होतं. माझी सात शेरांची एक गझल त्यांना आवडली. संगीतकाराने मतला, म्हणजे सुरुवातीच्या दोन ओळी, आणि तीन शेर घेतले:

बंदराला यायची ही वाट नाही
ओळखीची एकसुद्धा लाट नाही

दीप जागा ठेवला मी ओसरीला
रात आता तेवढीशी दाट नाही

उंबरा ओलांडताना धाप लागे
एवढा मोठा कुठेही घाट नाही

पेज देते, माड देतो सावलीला
याहुनी माझा निराळा थाट नाही

(शेवटच्या शेरात मुळात 'पेज देतो' होतं. गाणारी बाई आहे म्हणून 'देते' केलं, वृत्त तसंच राहतं.)

चाल केरव्यात आहे. मतल्याच्या दोन ओळी म्हणजे मुखडा, प्रत्येक शेर म्हणजे एक अंतरा, आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर पुन्हा अख्खा मुखडा. 'नाही' या शब्दावर मागे कोरस धरलाय. वाचताना मला कधी खटकलं नव्हतं, पण गाऊन ऐकल्यावर दुसऱ्या शेरापर्यंतच असं वाटायला लागतं की आपण 'नाही' सोडून दुसरं काही ऐकलंच नाही. संगीतकार म्हणतो दोष रदीफाचा, म्हणजे प्रत्येक शेराच्या अखेरी येणाऱ्या या 'नाही'चाच आहे, प्रत्येक अंतऱ्यात रदीफ नसलेल्या दोन ओळी वाढवून दे. मला ते करायचं नाहीये. चित्रपटात इतक्या गझला गायल्या गेल्यात, त्यांचं असं का होत नाही? नेमकं कुठे चुकतंय ते समजून घ्यायचंय.

दर्यावर्दी
मतला फार आवडला, ताई. 'ओळखीची एकसुद्धा लाट नाही' हे इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच सुचेल.

प्रश्नाबद्दल माझं मत असं की रदीफ हाच गाण्याचा हूक असतो. लोकांच्या तोंडी तोच बसतो, म्हणून तो समेवर आणि जोरात यायलाच हवा. तुमच्या संगीतकाराने कोरस दिला ते बरोबर केलं. कंटाळा येत असेल तर चाल बदलावी, रचना नको. सुरेश भटांची 'उषःकाल होता होता' ही गझल बघा, 'सिंहासन' (१९७९) मधली. आशाताईंनी गायलेली, हृदयनाथांची चाल. तिथेही प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच नाद परत येतो, पण कुठे कंटाळा येतो?

पेटीवाले_रत्नागिरी
दर्यावर्दी, तुम्ही उदाहरण चांगलं दिलंत, पण ती गझल नाही. तिचं एक कडवं डोळ्यासमोर आणा. 'आस का धरावी', 'वाट का पहावी' अशा दोन ओळी आपसात यमक जुळवतात आणि मग तिसरी ओळ 'पखाली'वर येऊन 'झाली, मशाली'ला मिळते. हे गीताचं कडवं आहे. गझलेचा कवी आणि धृपदाच्या ओळी गझलेसारख्या, म्हणून आपण सगळे तिला सहज गझल म्हणून जातो.

हिंदीतही असंच आहे. 'ग़ज़ल' नावाचाच चित्रपट आहे १९६४चा. साहिरचे शब्द, मदनमोहनची चाल, रफीचा आवाज, 'रंग और नूर की बारात किसे पेश करूँ'. मुखडा पक्का मतला आहे: 'बारात' आणि 'रात' हे काफिये, म्हणजे रदीफाच्या अलीकडचे जुळणारे शब्द, 'किसे पेश करूँ' हा लांबलचक रदीफ. पण अंतऱ्यात 'उसूलों की जगह', 'फूलों की जगह' अशी आधी एक जोडी येते आणि मग 'सौगात किसे पेश करूँ' अशी तिसरी ओळ. सुरंगीताईंचा संगीतकार जे मागतोय ते नेमकं हेच आहे. त्याची मागणी चुकीची नाही, तिला मोठी परंपरा आहे. सिनेमावाले त्या तिसऱ्या ओळीला क्रॉसलाइन म्हणतात. अंतऱ्यातून मुखड्याकडे उतरायचा तो जिना. दोन ओळी रदीफ कानाआड राहतो, म्हणून तो परत आला की बरं वाटतं.

शुद्ध गझलेत ही सोय नाही. शेराला दोनच ओळी. पहिली मोकळी, दुसरी काफिया-रदीफाची. म्हणजे दुसऱ्या ओळीलाच शेर पुरा करायचा आणि मुखड्याला भिडायचंही. तुमची गडबड इथेच आहे असं मला वाटतं. मोजून बघा: '…दाट नाही', लगेच '…वाट नाही', लगेच '…लाट नाही'. सलग तीन ओळींच्या शेवटी 'नाही'. कागदावर शेर आणि मतला इतके जवळ कधी येत नाहीत. मतला वर एकदा लिहून झाला की संपला. गाण्यात तो दर वेळी परत येतो, आणि प्रत्येक शेराला स्वतःचा एक 'नाही' आणि मुखड्याचे दोन, असा हिशोब होतो.

सुरंगी
काका, हे एकदम स्पष्ट झालं. म्हणजे रदीफ जास्त झालाय तो माझ्या लिहिण्याने नाही, परत फिरण्याने. मग मतल्याची एकच ओळ परत घेतली तर?

दाभोळखाडी
मी उर्दू शाळेत शिकवायचो, आता निवृत्त आहे. संगीतातलं मला कमी कळतं, पण आमच्याकडे दापोली-दाभोळच्या बाजूला मुशायरे ऐकत मोठा झालो, त्यावरून सांगतो.

मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो, कधी तीनदा. ऐकणारे ती उचलून धरतात. तोपर्यंत काफिया काय येणार हे कुणालाच ठाऊक नसतं, रदीफ मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. ताईंची ओळ घ्या: 'उंबरा ओलांडताना धाप लागे'. दोनदा म्हटली की ऐकणारा विचार करू लागतो, उंबऱ्याला धाप का लागावी? मग 'एवढा मोठा कुठेही…' इथवर आलं की जाणकाराच्या ओठावर 'घाट' येतो, आणि 'नाही' तर अख्खी मैफल शायराच्या बरोबरच म्हणते. त्या 'नाही'चा कंटाळा कुणाला येत नाही, कारण तो त्यांनी स्वतः म्हटलेला असतो. मजा वाट पाहण्यात आहे. पहिली ओळ एकदाच घाईने म्हणून टाकली तर वाट पाहायला जागाच उरत नाही, आणि मग रदीफ नुसता आदळत राहतो.

तेव्हा माझा प्रश्न असा: तुमची गायिका उला मिसरा, म्हणजे शेराची पहिली ओळ, किती वेळा म्हणते?

सुरंगी
एकदाच, सर. संगीतकाराचं म्हणणं, गाणं चार मिनिटांच्या वर जाता कामा नये.

दाभोळखाडी
मग एक शेर कमी करा, पण मिसरा दोनदा घ्या. तीन शेर घाईने ऐकण्यापेक्षा दोन शेर नीट पोचलेले बरे. चित्रपटवाले मक्ता, म्हणजे शायराच्या नावाचा शेवटचा शेर, तर गाळतातच, कारण पडद्यावर पात्र गात असतं, तिथे शायराने आपलं नाव घ्यावं तरी कसं. आणखी एक शेर गेला तरी गझल मोडत नाही. शेर एकमेकांवर उभे नसतात, हीच तर तिची सोय आहे.

बुवा_कुडाळ
माका पण ह्याच इचारूचा होता. आमची डबलबारी असता. गेल्या सप्त्यात मियां एक गवळण बांधलंय, चाल एका सिनेमातल्या गझलेची घेतलंय. गाणां चांगला, पण कोरसवाल्यांचो घोटाळो जाता. माझी दुसरी ओळ पुरी होवच्या आदीच ते धृपद उचलतत. दोन-तीन वेळा सांगान झाला, तरी थंयच चुकतत. दुसरी खंयची चाल गवळणीक बरी बसात ती सांगा. की गझलेची चाल भजनात चालणाच नाय?

पेटीवाले_रत्नागिरी
बुवा, ताईंचा प्रश्न गवळणीच्या चालीचा नाही, पण तुम्ही जे सांगितलंत ते अगदी कामाचं आहे. तुमचे कोरसवाले चुकत नाहीत, ते बरोबर ऐकताहेत.

बहुतेक सिनेमातल्या गझलांमध्ये शेराची पहिली ओळ वरच्या स्वरांत नेतात, अंतऱ्याची चाल तीच. पण दुसरी ओळ खाली उतरून मुखड्याच्याच चालीवर येते, कारण तिचा शेवट मतल्यासारखा आहे. शब्द वेगळे आणि चाल धृपदाची. कोरसच्या कानाला चाल ओळखीची वाटली की तो उठतो. गीतात तुम्ही तिसऱ्या ओळीने इशारा देता, इथे इशारा द्यायची ओळच स्वतः धृपदाचे कपडे घालून येते. उपाय चाल बदलण्यात नाही. कोरसला अख्खी ओळ देऊ नका. दुसऱ्या ओळीचे शेवटचे शब्द, म्हणजे फक्त रदीफ, त्यांना द्या. मग ते आधी उठणारच नाहीत, कारण त्यांचा शब्द सगळ्यात शेवटी आहे.

आता सुरंगीताई, हीच गोष्ट तुमच्या बाजूने वळवा. शेराची दुसरी ओळ मुखड्याच्या चालीवर येत असेल, तर ऐकणाऱ्याच्या लेखी मुखडा परत आलेलाच आहे. त्यानंतर पुन्हा दोन ओळींचा अख्खा मुखडा म्हणणं म्हणजे घरी पोचून परत दाराची बेल वाजवणं. 'दाट नाही' झालं की सरळ बासरीचा तुकडा येऊ द्या. फार तर एका शेरानंतर मतल्याची पहिली ओळ घ्या. अख्खा मतला गाण्याच्या सुरुवातीला आणि अखेरीला, एवढं पुरे.

सुरंगी
हे करून बघते. पण काका, तालाचं काही कळेल का? मला सारखं वाटतं की 'वाट', 'दाट', 'घाट' हे शब्द ऐकूच येत नाहीत. मी स्वतः लिहिलेत म्हणून मला कळतात.

पेटीवाले_रत्नागिरी
चाल ऐकवा म्हणजे सांगतो. तोवर कागदावर तुमच्या वृत्ताकडे बघू.

तुमची ओळ गालगागा गालगागा गालगागा अशी आहे. बं-द-रा-ला, या-य-ची-ही, वा-ट-ना-ही. गुरूला दोन मात्रा आणि लघूला एक धरली की प्रत्येक तुकडा सात मात्रांचा. आणि त्या सातांची विभागणी बघा: 'गाल' म्हणजे तीन, 'गा' दोन, 'गा' दोन. तीन-दोन-दोन. हा सरळ रूपक ताल आहे. टाळी न देता तोंडाने म्हटलंत तरी रूपकातच पडेल. एक ओळ म्हणजे रूपकाची बरोबर तीन आवर्तनं. तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर 'वा' येतो, म्हणजे काफिया समेवर. मग 'ना' चौथ्या मात्रेवर आणि 'ही' सहाव्या मात्रेवर. रूपकात त्या दोन्ही टाळ्यांच्या जागा, सम मात्र खालीने, म्हणजे टाळी न देता, दाखवतात. म्हणजे काफिया हलक्या हाताने समेवर ठेवला जातो आणि रदीफाला दोन टाळ्या मिळतात. दोघांनाही आपापली जागा. हे तुम्ही ठरवून केलं नसेल, पण वृत्तातच ते आहे.

आता हेच केरव्यात कोंबलं की काय होतं? आवर्तन आठ मात्रांचं, तुकडा सात मात्रांचा. प्रत्येक तुकड्यात कुठेतरी एक मात्रा ताणावी लागते. ती चिंता मोठी नाही. मोठी अडचण अशी की तुमचे तुकडे तीन आहेत आणि केरव्याचं गाणं चार-चार आवर्तनांनी चालायला बघतं. चौथं आवर्तन भरायचं कशाने? माझा अंदाज, तुमच्या संगीतकाराने तिसरा तुकडा फोडला असणार. तिसऱ्या आवर्तनात 'वाट', चौथ्यात 'नाही'. बरोबर का?

सुरंगी
अगदी बरोबर! 'वा…ट' असं लांबवलंय आणि मग थोडा श्वास, आणि 'नाही' समेवर, कोरससकट.

पेटीवाले_रत्नागिरी
मग तुम्हाला जे वाटतंय ते खरं आहे. काफिया आणि रदीफ यांच्यामध्ये श्वास आला की त्यांची जोडी तुटते. कान 'नाही' एवढंच यमक धरतो, आणि प्रत्येक ओळीत तोच शब्द म्हणजे यमक नाही, नुसती पुनरावृत्ती. रदीफात गोडवा येतो तो त्याच्या अलीकडचा शब्द दर वेळी बदलतो म्हणून.

याची परीक्षा सोपी आहे. घरातल्या कुणाला तरी, ज्याने ही गझल वाचलेली नाही, त्याला चाल एकदा ऐकवा आणि विचारा की कुठले शब्द जुळत होते. 'लाट, दाट, घाट' असं म्हणाला तर चाल ठीक. 'नाही, नाही' म्हणाला तर काफिया बुडाला.

'उंबरठा' (१९८२) मधलं 'सुन्या सुन्या मैफिलीत' याच कानाने ऐका. सुरेश भटांची गझल, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. रदीफ फक्त 'आहे', मराठीत याहून साधा शब्द शोधून मिळणार नाही. काफिये गात, चांदरात, अंतरात, आरशात, पारिजात. वृत्त लगालगागा चार वेळा, म्हणजे आठ मात्रांचे चार तुकडे. त्याला आठाचं आवर्तन आपसूक बसतं, तुमच्यासारखी ओढाताण नाही. तिथली एक जागा मला फार विचार करायला लावते. आरशाच्या शेरात दुसऱ्या ओळीच्या बरोबर मध्यावर 'भास होत आहे' येतं आणि शेवटी 'आरशात आहे'. म्हणजे 'आहे' एका ओळीत दोनदा, अर्ध्यावर आणि अखेरीला. तरी पहिल्या 'आहे'ला ओळ संपली असं वाटत नाही. कारण त्याच्या अलीकडे 'होत' आहे, 'आत' नाही. कान आता 'आत'ची वाट बघायला शिकलेला असतो. इतक्या साध्या रदीफाला काफिया किती भक्कम धरून ठेवतो ते या ओळीत दिसतं.

दर्यावर्दी
हे पटलं, आणि 'उषःकाल'चंही पटलं. पण एक मुद्दा सोडत नाही. कव्वालीत रदीफ कोरसनेच तर उचलतात, आणि जोरात उचलतात. तिथे काफिया बुडत नाही. मग 'नाही'वरचा कोरस काढायलाच हवा असं का?

पेटीवाले_रत्नागिरी
काढायला हवा असं मी म्हटलेलं नाही. कव्वाल काफियावर थांबून श्वास घेत नाही. काफिया आणि रदीफ एका दमात म्हणतो आणि कोरस त्याच्या मागून रदीफ पुन्हा घेतो. तसं केलंत तर चालेल. पण इथे एक बाई एकटी घरात आहे, तिच्या मनातल्या बोलण्यात चार-पाच माणसांचा 'नाही' कुठून आला, हा प्रश्न दिग्दर्शकाला विचारावा लागेल.

दर्यावर्दी
तो समुद्राचा आवाज म्हणून येऊ शकतो. मी तरी तसा ऐकेन.

अबोली_मालवण
मी गाते, म्हणून गळ्याच्या बाजूने लिहिते. श्वास 'वाट' आणि 'नाही' यांच्यामध्ये पडतो तो बऱ्याचदा आळसाने नाही, गरजेने. ओळ लांब ताणली की शेवटच्या तुकड्याआधी दम संपतो. यावर उपाय म्हणजे श्वास आधी घ्यायचा. 'बंदराला यायची ही' इथे घ्या आणि 'वाट नाही' एका दमात. सुरंगीताईंच्या सगळ्या ओळींत तिसरा तुकडा नव्या शब्दाने सुरू होतो: वाट, लाट, दाट, घाट, थाट. त्यामुळे तिथे श्वास घेतला तर शब्द तुटत नाही. हे भाग्य सगळ्या गझलांचं नसतं. 'सुन्या सुन्या'मध्येच 'तुझेच मी गी' इथे तुकडा संपतो आणि 'त गात आहे' पुढच्यात जातं. तिथे तुकड्याच्या हद्दीवर श्वास घेतला तर 'गीत' फुटेल. ते गाणं गाताना मला शब्दाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो आणि मात्रांचा वेगळा.

दुसरं म्हणजे तीन 'नाही' सलग येणारच असतील तर तिन्ही एकाच स्वरावर टाकू नका. शेराचा 'नाही' षड्जावर मिटवा, मतल्याच्या पहिल्या ओळीचा पंचमावर अधांतरी ठेवा, दुसरीचा परत षड्जावर. आणि 'रात आता तेवढीशी दाट नाही' यातला 'नाही' दिलाशाचा आहे, 'ओळखीची एकसुद्धा लाट नाही' यातला भीतीचा. तोच शब्द, पण दोन्हीकडे सारखाच गायला तर शेर लिहिणाऱ्यावर अन्याय होतो.

दाभोळखाडी
अबोलीताईंनी शेवटी जे लिहिलंय त्यासाठी 'गमन' (१९७८) ऐकावं. शहरयारची गझल, जयदेवची चाल, सुरेश वाडकरांचा आवाज: 'सीने में जलन आँखों में तूफ़ान सा क्यूँ है'. रदीफ 'सा क्यूँ है', म्हणजे रदीफच प्रश्न आहे. प्रत्येक शेर प्रश्नावर संपतो आणि मतला परत आला की आणखी एक प्रश्न. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसांचा चित्रपट आहे, आपल्या चाकरमान्यांनाही तो लागू पडतो. 'नाही' हा नकार आहे, त्याला स्वतःचं वजन आहे. 'आहे'सारखा तो गुपचूप मागे राहत नाही. म्हणून 'नाही' रदीफ असलेली गझल गाताना परतणं आणखी कमी हवं, असं मला वाटतं.

बुवा_कुडाळ
पेटीवाले काका, काल तालमीत तुम्ही सांगितला तसा केलंव. कोरसाक फकस्त शेवटचो शब्द दिलंय. घोटाळो गेलो. पण आता गवळण ऐकाक हलकी लागता, पयली अख्खी ओळ सगळे उचलीत, तो जोर नाय. आमच्या बारयेत जोर नसलो तर समोरचो बुवा वरचढ होता. तेवा गझलेची चाल भजनाक नको, असाच माझा मत झाला हा.

पेटीवाले_रत्नागिरी
बुवा, तुमचं मत तुमच्या मंडळाला बरोबर ओळखतं. भजनात धृपद सगळ्यांचं असतं, शेर मात्र एकाचाच. ती ओढ राहणारच.

सुरंगी
मंडळी, आज संगीतकाराकडे जाऊन आले. तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. रूपकाचं त्याने लगेच टेबलावर वाजवून बघितलं आणि चाल सगळी नव्याने बांधायला बसला. आताची मांडणी अशी आहे: मतला, पहिली ओळ दोनदा. मग वाद्यांचा तुकडा. 'दीप जागा' दोनदा, 'रात आता' एकदा, मुखडा नाही, सरळ बासरी. 'उंबरा' दोनदा, मग 'एवढा मोठा कुठेही घाट नाही', आणि इथे फक्त 'बंदराला यायची ही वाट नाही' एकदा, पंचमावर सोडून. अखेरीला अख्खा मतला.

माझ्या भाचीने गझल वाचलेली नव्हती, तिला ऐकवून विचारलं. ती 'दाट आणि घाट' म्हणाली.

पेजेचा शेर गेला. दिग्दर्शकाचं म्हणणं, तो पाहुण्याला बोलल्यासारखा आहे, प्रसंगात पाहुणा नाही. सर म्हणतात तसं गझल मोडली नाही, पण मला तो शेर हवा होता. आणि 'नाही'वरचा कोरस त्याने काढलेला नाही. आता तो मागून येतो, एका दमात म्हणून झाल्यावर, अगदी हलका. मला अजून खात्री वाटत नाही.

अबोली_मालवण
पेजेचा शेर शेवटच्या मतल्याच्या आधी फक्त गुणगुणल्यासारखा, वाद्यांशिवाय घेता येईल का? रूपकाची सहा आवर्तनं जातील, अर्ध्या मिनिटाच्या आत बसेल. ती चुलीपाशी असते तो प्रसंग असेल तर तिथे.

सुरंगी
चुलीपाशी आहे. विचारते त्याला.

पेटीवाले_रत्नागिरी
तसं केलंत तर 'थाट नाही' नंतर लगेच मतला नको, सलग तीन 'नाही' परत येतील. मध्ये निदान दोन आवर्तनं रिकामी ठेवा. आणि कोरस त्या शेरावर अजिबात नको.

दर्यावर्दी
कोरसबद्दल मी अजूनही माझ्याच मतावर आहे. रेकॉर्डिंग झालं की दोन्ही प्रकारे मिक्स करून इथे टाका, कोरससकट आणि कोरसशिवाय.